माझा आवडता सण : मुलाचा निबंध सुधारताना

प्राथमिक शाळेतल्या मुलाचा निबंध सुधारणे म्हणजे तो शुद्ध करणे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शुद्ध करता करता आपण तो पुष्कळदा स्वतःच लिहून टाकतो. या दोन कामांतली सीमा कुठे असते, हे गोव्यातल्या चौथीच्या एका मुलाच्या निबंधावरून दाखवतो. त्याने लिहिले होते ते असे :

‘माझा आवडता सण चवथ आहे. चवथीला आमी मूळ घरी जातो. काकाबरोबर रानात गेलो. माटोळीला कांगण्या आणल्या. माझी लहान बहीण आलं नाही. ते झोपलं. मला जळू लागली. मी रडलो नाही. मग माटोळी बांधली. मग गणपती बसला. मग नेवऱ्या खाल्ल्या. मग दीड दिवसानी गणपती गेला. मग पाट रिकामा दिसतो. मला आवडत नाही.’

स्पर्धेसाठी घरच्या मोठ्यांनी याचेच रूप असे केले : ‘गणेशचतुर्थी हा माझा अत्यंत आवडता सण होय. गणपती ही बुद्धीची देवता आहे. या दिवशी सर्वत्र मंगलमय वातावरण असते. आम्ही बाप्पाला भावपूर्ण निरोप देतो.’ व्याकरणाची चूक एकही नाही; पण जळू गेली, कांगण्या गेल्या, रिकामा पाटही गेला. ‘मंगलमय वातावरण’ दिवाळीलाही चालते आणि पाडव्यालाही. जे वाक्य कोणत्याही सणाला चिकटते, ते मुलाचे नसते. दुसरी खूण अशी की, ‘भावपूर्ण म्हणजे काय रे?’ असे विचारले तर तो गप्प राहतो.

मी आधी निबंध मुलाला मोठ्याने वाचायला लावतो. तो कुठे थांबतो, कुठे घाई करतो, ते ऐकले की वाक्ये कुठे जोडायची ते कळते. मग भाषेच्या चुका पाहतो. ‘आमी’चे ‘आम्ही’, ‘दिवसानी’चे ‘दिवसांनी’ करावे लागते. ‘बहीण आलं’ हा निष्काळजीपणा नव्हे. कोकणीत लहान मुलीविषयी नपुसंकलिंगी रूप वापरतात. घरची ती सवय इथे उतरली आहे. मराठीत ‘आली’ हवे, हे त्याला कारणासह सांगावे. मात्र चवथ, माटोळी, कांगण्या, नेवऱ्या हे शब्द चुका नाहीत. ती त्या वस्तूंची नावे आहेत. ‘नेवऱ्या’ खोडून ‘करंज्या’ लिहिले की त्याच्या ताटातला पदार्थच बदलतो.

तिसरे काम काळाचे. सणाच्या निबंधात मुले ‘दरवर्षी’ आणि ‘यंदा’ यांत सहज उड्या मारतात : ‘जातो’ आणि लगेच ‘गेलो’. सगळी क्रियापदे एका काळात ओढू नयेत. उडीच्या जागी ‘यंदा’ हा एक शब्द घातला की पुरते. ‘मग’ पाच वेळा आला आहे. जिथे तो खरोखर पुढची वेळ दाखवतो तिथे ठेवावा, नुसता सांधा असेल तिथे काढावा.

शेवटी प्रश्न, पण दोनच, आणि मुलाने अर्धवट सोडलेल्या जागांविषयीच. ‘जळू लागली तेव्हा काय झालं?’ ‘सर, काकाच्या खिशात मिठाची पुडी होती. त्यानं मीठ लावलं, ती पडली.’ ‘आणि काय आवडत नाही?’ ‘पाट रिकामा असतो ते. सगळे जेवतात, तिकडे कुणी बघत नाही.’ उत्तरे जशी आली तशी लिहायला लावली. नवा निबंध असा झाला :

‘माझा आवडता सण चवथ आहे. चवथीला आम्ही मूळ घरी जातो. यंदा मी काकाबरोबर रानात गेलो आणि माटोळीला कांगण्या आणल्या. माझी लहान बहीण आली नाही. ती झोपली होती. रानात मला जळू लागली. काकाच्या खिशात मिठाची पुडी होती. त्यानं मीठ लावलं, ती पडली. मी रडलो नाही. घरी येऊन माटोळी बांधली. मग गणपती बसला. आम्ही नेवऱ्या खाल्ल्या. दीड दिवसांनी गणपती गेला. मग पाट रिकामा दिसतो. ते मला आवडत नाही. सगळे जेवतात, तिकडे कुणी बघत नाही.’

‘गेला’नंतरचा ‘दिसतो’ मी मुद्दाम बदलला नाही. गणपती यंदाचा गेला. पाट मात्र त्याला दरवर्षीच रिकामा दिसतो. ‘त्यानं’ हे बोलीतले रूपही राहू दिले, कारण वाक्य त्याने तसेच उच्चारले होते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. परीक्षेत ठरावीक मुद्द्यांना गुण असतील, तर सणाची तिथी किंवा पूजेची माहिती नसल्याने हा निबंध मागे पडेल. तेव्हा ती माहितीही मुलालाच विचारावी आणि त्याच्याच वाक्यात घ्यावी. त्याला ठाऊक नसेल, तर घरी विचारून ये म्हणावे. आपल्या पदरचे वाक्य तिथे घालू नये.