थकीत बिलाचं शेवटचं पत्र कसं लिहायचं?

मैत्रिणींनो, गटाचा माल दुकानदाराने नेला, दोनदा आठवण केली, तरी पैसे आले नाहीत. आता वकिलाची नोटीस द्यायची, असं बैठकीत ठरतं. त्याआधी एक शेवटचं पत्र पाठवायचं. पुढे वाद वाढलाच, तर हेच पत्र वकील आणि कोर्ट वाचेल, हे लक्षात ठेवून लिहा.

आधी कागद जुळवा. बिलबुक, माल पोचल्याच्या सह्या आणि बँक पासबुक समोर घ्या. समजा, गटाने उडदाचे पापड २८० रुपये किलोने दिले. मग पत्र असं होईल:

दिनांक १०/६/२०२५
श्री. ..... यांस,
सप्रेम नमस्कार. आपण आमच्या गटाकडून पुढीलप्रमाणे पापड घेतले:
बिल क्र. १४, दि. ६/१/२०२५, ६० किलो: १६,८०० रु.
बिल क्र. १९, दि. ३/२/२०२५, ४० किलो: ११,२०० रु.
एकूण २८,००० रु. पैकी १०,००० रु. दि. १२/३/२०२५ रोजी जमा झाले. बाकी १८,००० रु. आहे.
कृपया ही रक्कम दि. २५/६/२०२५ पर्यंत गटाच्या खात्यात जमा करावी. हिशोबात फरक किंवा मालाबद्दल तक्रार असल्यास याच तारखेपर्यंत लेखी कळवावे. तसे न झाल्यास गटाच्या ठरावानुसार वकिलामार्फत नोटीस पाठवावी लागेल.
आपली, अध्यक्ष / सचिव (सही, शिक्का)

बघा, यात ‘फसवलंत’, ‘गावात तोंड दाखवू देणार नाही’, ‘पोलिसात देऊ’ असं काहीच नाही. असा शब्द गेला की बाकी बाजूला राहते आणि तो आपल्यालाच धमकीबद्दल विचारू लागतो. त्याने दिलेले १०,००० मात्र आवर्जून लिहिले आहेत. ते लपवले, तर बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ‘लवकरात लवकर’ न लिहिता तारीख घातली, कारण मुदत कधी संपली ते दोघांनाही कळायला हवं.

पत्राची प्रत फाईलला लावा. मूळ पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती त्याच प्रतीला टाचा. व्हॉट्सअपवर पाठवायचं तर फक्त त्यालाच पाठवा, गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

आणखी एक. उधार विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. आपण पत्र पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. त्याने मुदतीतच ‘एवढी बाकी मान्य आहे’ असं लिहून सही दिली, तर मात्र त्या दिवसापासून ती नव्याने मोजतात. म्हणून तो ‘थोडं थांबा ताई’ म्हणाला, तर थांबा, पण बाकी आणि हप्त्यांच्या तारखा लिहून सही घ्या.

२५ तारीख उलटली, की दुसरं ‘शेवटचं’ पत्र लिहू नका. फाईल घेऊन वकिलाकडे जा.