हप्त्याच्या तासांची वाटणी : नेहमीचे किती, जादा किती?

आलापल्लीचा साग चिरणाऱ्या आरागिरण्या आणि फर्निचरचे कारखाने आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात बरेच आहेत. लग्नसराईत पलंग-कपाटांची मागणी वाढली की कारागीर रात्री उशिरापर्यंत थांबतात. हप्ता वाटण्याच्या दिवशी मग वाद होतो : जादा तास नेमके किती? १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढील कामाला दुप्पट मजुरी ठरवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यातही हीच मर्यादा आणि हाच दर आला. हा हिशेब संगणकाच्या तक्त्यावर, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, कसा मांडायचा ते पाहू.

तक्त्यात A रकान्यात कारागीर, B मध्ये हप्त्याचे एकूण तास, C मध्ये नेहमीचे तास, D मध्ये जादा तास आणि E मध्ये तासाचा दर घ्या. ४८ हा आकडा H1 या घरात एकदाच लिहा, म्हणजे पुढे मर्यादा बदलली तरी एकाच जागी दुरुस्ती करावी लागेल. आता दुसऱ्या ओळीत C2, D2 आणि F2 या घरांत अनुक्रमे ही सूत्रे घाला :

```
=MIN(B2,$H$1)
=MAX(B2-$H$1,0)
=(C2+2*D2)*E2
```

MIN म्हणजे दोहोंतील लहान आकडा आणि MAX म्हणजे मोठा. नेहमीचे तास ४८ च्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथे MIN. जादा तास शून्याच्या खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथे MAX. डॉलरच्या खुणेमुळे सूत्र खालच्या ओळींत उतरवले तरी H1 जागचे हलत नाही.

समजा, मशीनवाल्याने साडेचौपन्न तास काम केले आणि दर तासाला ८० रुपये आहे. नेहमीचे तास ४८, जादा साडेसहा. ४८ तासांचे ३,८४० रुपये आणि साडेसहा तासांचे १६० रुपयांप्रमाणे १,०४० रुपये, मिळून ४,८८० रुपये. सगळे तास साध्या दराने धरले असते तर ४,३६० रुपयेच हाती पडले असते. म्हणजे कारागिराचे ५२० रुपये बुडाले असते. मदतनीसाचे ४१ तास भरले असतील, तर त्याचे नेहमीचे ४१ आणि जादा शून्य.

आता चुका कुठे होतात ते पाहा. बहुतेक जण C आणि D ची बेरीज B इतकी आली की हिशेब बरोबर समजतात. पण MIN आणि MAX ची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळतेच! मदतनीसाच्या ओळीत नेहमीचे ४८ आणि जादा उणे ७ दिसतील, बेरीज मात्र ४१. मशीनवाल्याच्या ओळीत साडेचौपन्नही तास नेहमीचे आणि जादा शून्य होतील. म्हणून बेरजेवर विसंबू नका. D मध्ये उणे आकडा नाही ना, आणि C मध्ये ४८ पेक्षा मोठा आकडा नाही ना, हे आधी तपासा.

दुसरी चूक तास लिहिण्यातली. चौपन्न तास तीस मिनिटे म्हणजे 54.5, ते 54.30 लिहिले तर बारा मिनिटे गेली. आणि 54:30 असे लिहिले तर संगणक ती वेळ दिवसांत मोजतो, म्हणजे सुमारे सव्वादोन. मग जादा तास कोणाचेच निघत नाहीत. तसे लिहायचेच असेल तर त्या आकड्याला आधी २४ ने गुणून घ्या.

तिसरी चूक जाणूनबुजूनही होते. एका हप्त्यात ४० तास आणि दुसऱ्यात ५६ तास भरले, तर दोन्ही मिळून ९६ होतात आणि जादा काहीच दिसत नाही. खरे तर दुसऱ्या हप्त्याचे आठ तास जादा आहेत. म्हणून प्रत्येक हप्त्याची ओळ वेगळी ठेवा. सुट्टी शुक्रवारी असो की रविवारी, हप्ता कोणत्या वारी सुरू होतो ते एकदा ठरवून पुढे तेच पाळा.

या सूत्राला एक मर्यादाही आहे. ते फक्त हप्त्याची बेरीज पाहते. वरील दोन्ही कायद्यांनी मुळात दिवसालाही नऊ तासांची मर्यादा घातली होती. एखाद्याने सोमवारी ११ तास आणि हप्त्यात एकूण ४६ तास काम केले, तर हे सूत्र जादा तास शून्य दाखवील, पण सोमवारचे दोन तास जादाच होते. त्यासाठी रोजच्या हजेरीलाही हेच MIN-MAX लावावे लागते. दोन्ही रीतींनी निघालेले जादा तास मात्र एकमेकांत मिळवू नका. तेच तास दोनदा मोजले जातील. दिवसाची मर्यादा आणि कारागिरांची संख्या यांविषयीचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा आपल्या कारखान्याला आज काय लागू आहे ते कामगार कार्यालयात विचारून मगच तक्त्यात आकडा भरा.