दीडकी आणि पिवळी रेघ

डब्लिनला राहायला आल्यापासून बेलफास्टला गाडीने पाच-सहा फेऱ्या झाल्या. त्यांतून शिकलेलं थोडंसं.

१. सीमेवर ना नाका, ना शिपाई. पहिल्या फेरीत ती ओलांडल्याचं मला कळलंच नाही. मागे बसलेल्या आईने विचारलं, "अरे, कडेची पिवळी रेघ पांढरी कधी झाली?" तीच खरी खूण. आयर्लंडने २००५ साली वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणली, उत्तर आयर्लंड मात्र ब्रिटनप्रमाणे मैलांतच राहिलं. दक्षिणेच्या पाटीवर आकड्याखाली किमी लिहिलेलं असतं, उत्तरेच्या पाटीवर नुसता आकडा. न्यूरीजवळ रस्त्याचं काम चालू होतं, पाटी ५०ची. मी इमानदारीत काटा ५०वर आणला. मागचा ट्रक आरसाभर झाला, कारण तो ८०ने येत होता आणि बरोबर होता.

२. गुणाकाराला बाबांची दीडकी कामी आली. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, म्हणून आकड्याची दीडपट करायची आणि त्याचाच दहावा भाग वर टाकायचा. "तिसाची दीडकी पंचेचाळीस, वर तीन, झाले अठ्ठेचाळीस," बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले. खरं उत्तर ४८.३. ७०चे ११२ येतात, खरे ११२.७. हा हिशेब नेहमी किंचित कमीच भरतो, त्यामुळे दंडाची भीती नाही. उलट ३०ला सरळ ५० धरणारे मित्र आहेत. ते मर्यादेच्या वर जातात.

३. उत्तरेत पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली, की आपल्याला वाटतं मर्यादा संपली, सुटा! तसं नाही. कारसाठी दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७० मैल (११२ किमी), नसलेल्या रस्त्यावर ६० (९६ किमी). आकडा पाटीवर नसतोच, तो पाठच असावा लागतो.

४. दीडकीचा कंटाळा आला म्हणून पुढच्या फेरीत भाड्याच्या गाडीचा डिजिटल काटाच सेटिंगमध्ये जाऊन मैलांवर टाकला. जाताना मजेत गेलो. परतताना डंडॉकमध्ये शिरलो, पाटी ५०ची, काटा ४५वर, मी निर्धास्त. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, भर वस्तीत! उत्तरेला जाताना विसरलात तर मागचे वैतागतात, एवढंच. दक्षिणेला येताना विसरलात तर वेग दीडपटीहून जास्त होतो. तीन आठवड्यांनी दंडाचं पत्र आलं, आणि गाडी देणाऱ्यांनी त्यावर आपला कागदी खर्चही लावला.

आता परतीच्या वाटेवर आई काचेला नाक लावून बसते. "आली पिवळी. बदललंस का?"