घडलं तेवढंच लिही

प्रिय सई,



स्टेटसला टाकायचा तुझा मजकूर वाचला. 'डिप्रेशनवर मात केली, थेरपीने आयुष्य बदललं, सगळ्यांनी घ्याच!' तुझा आनंद खरा आहे, पण झाली आहे ती समुपदेशकाशी फक्त पहिली भेट. त्या दिवशी समुपदेशक मुख्यतः माहिती घेतात: झोप, भूक, काम, घरची माणसं, त्रास कधीपासून. फरक जाणवायला बहुतेकांना बऱ्याच भेटी लागतात. तुझ्यासारखीच झोप उडालेली एखादी मैत्रीण हे वाचून समुपदेशकाकडे जाईल आणि तिला लगेच काहीच बदललेलं दिसलं नाही, तर ती स्वतःलाच दोष देईल आणि पुन्हा तिकडे फिरकणार नाही. म्हणून मी असं लिहिलं असतं:

'बरेच दिवस झोप लागत नव्हती, कामात लक्ष नव्हतं. या आठवड्यात पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेले. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, मध्येच रडूही आलं. एका प्रश्नाला "आज नको" म्हणाले, ते त्यांनी मान्य केलं. फार हलकं वाटतंय असं नाही, पण पुढची वेळ घेतली आहे. पहिल्या दिवशी काय होतं हे कुणाला विचारायचं असेल तर मला मेसेज करा, सवडीने उत्तर देईन. तातडीची गरज असेल तर टेली-मानस: 14416.'

यातलं 'आज नको' गाळू नकोस. तिथे सगळं उकरून काढतील, या भीतीने कितीतरी जण दारातूनच परततात. तू मात्र नाही म्हणू शकलीस, हे त्यांना कळू दे.

आजाराचं नाव, गोळ्या आणि समुपदेशकाचं नाव मी मुद्दाम घेतलेलं नाही. तुझी लक्षणं स्वतःशी ताडून कुणी परस्पर निदान करतं, कुणी त्याच गोळ्या आणायला जातं.

'सवडीने' हा शब्दही राहू दे. 'कधीही मेसेज करा' असं लिहिलंस, तर मध्यरात्री एखाद्या मैत्रिणीचा 'जगावंसं वाटत नाही' असा मेसेज येईल आणि तू झोपलेली असशील. तसा मेसेज दिसला, तर उत्तर टाइप करत बसू नकोस. लगेच फोन कर, ती एकटी आहे का विचार, तिच्या घरच्या कुणाला तरी तिच्याजवळ पाठव आणि 14416 लावायला सांग. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

आणि टाकण्याआधी ताई-भाऊजींना स्वतः सांग. शेजारच्या काकूंनी स्टेटस पाहून फोन केल्यावर त्यांना कळलं, तर ते आधी घाबरतील, मग तुझ्यावर चिडतील. पुढच्या भेटीला जाताना तुला घरच्यांची साथ लागणार आहे.

तुझी,
मावशी