धुलाईयंत्राचे टप्प्यांचे कोष्टक

धुलाईयंत्र पाणी भरते, कपडे घुसळते, पाणी सोडते आणि शेवटी कपडे पिळते. प्रत्येक टप्प्यासाठी लॅडरच्या स्वतंत्र पायऱ्या लिहिल्यास परस्परांना अडवणाऱ्या अटी वाढत जातात. एसएलसी ५०० या नियंत्रकातील `SQO` ही सिक्वेन्सर आज्ञा तेच काम एका कोष्टकावर सोपवते. त्यातील बिट उजवीकडून अनुक्रमे पाण्याची झडप, घुसळण, निचरा पंप व पिळणी चालवतात.

```
N7:0  0000
N7:1  0001
N7:2  0010
N7:3  0100
N7:4  1100
N7:5  0000
```

पायरीची अट असत्याची सत्य होताच आज्ञा एक ओळ पुढे सरकते. भरताना ही अट पाण्याच्या पातळीचा स्विच पुरी करतो, पुढील तीन टप्प्यांत टायमर. मात्र स्विचचा संकेत पहिल्या ओळीपुरताच धरावा. अन्यथा घुसळतानाही तो चालूच राहतो, अट असत्य होत नाही आणि यंत्र तेथेच अडकते.

शेवटच्या ओळीनंतर आज्ञा शून्य क्रमांकाच्या ओळीकडे नव्हे, पहिल्या ओळीकडे परतते. म्हणून लांबी ४ दिल्यास पिळलेल्या कपड्यांवर पुन्हा पाणी सुटते. ती ५ द्यावी, म्हणजे यंत्र पाचव्या, विश्रांतीच्या ओळीवर थांबून सुरुवातीच्या बटणाची वाट पाहील.