कोकम सरबतातून गुणोत्तर : घरच्या मुलांसाठी एक धडा

ताईंनो, सहावीच्या गणितात ‘गुणोत्तर-प्रमाण’ हा पाठ येतो. पुस्तकातलं उदाहरण मुलं सोडवतात, पण सरबत वाढवायला सांगितलं की बरीच मुलं अडखळतात. पालीच्या आपल्या घरांत कोकमचं सरबत नवीन नाही, म्हणून हा धडा त्यावरच घेऊया. त्यासाठी कोकमचं गोड सिरप, पाणी, काचेचे दोन ग्लास आणि एकच चमचा लागेल. चमच्याने मोजलं की सिरप वाया जात नाही.

पहिल्या ग्लासात 1 चमचा सिरप आणि 4 चमचे पाणी घाला. मुलाकडून तोंडाने म्हणवून घ्या, “सिरपाचं पाण्याशी गुणोत्तर 1 : 4.” कशाचं कशाशी, हा क्रम बोलून घेणं गरजेचं आहे. 4 : 1 म्हटलं तर ते घशाखाली न उतरणारं सरबत होईल.

आता विचारा, “सिरप 2 चमचे घेतलं तर पाणी किती?” काही मुलं 8 सांगतील, काही 5 सांगतील. 5 सांगणाऱ्याचा विचार असा असतो : सिरप एकने वाढलं, म्हणून पाणीही एकने वाढवायचं. त्याला लगेच चूक म्हणू नका. दुसऱ्या ग्लासात 2 चमचे सिरप आणि 5 चमचे पाणी घालायला लावा, मग दोन्ही ग्लास शेजारी ठेवून रंग बघायला आणि चव घ्यायला सांगा. दुसरं सरबत गडद आणि जास्त गोड लागेल. कारण आधी एका चमचा सिरपाला 4 चमचे पाणी होतं, आता अडीचच चमचे मिळालं. दुसऱ्या ग्लासात आणखी 3 चमचे पाणी घातलं की चव पहिल्यासारखी होते. इथे मुलाला कळतं की दोन्हीकडे सारखं मिळवायचं नसतं, दोन्हीला सारख्याच संख्येने गुणायचं असतं. मग त्याच्याकडून वहीत लिहून घ्या : 1 ला 4, 2 ला 8, 3 ला 12, 5 ला 20.

पुढची पायरी थोडी अवघड आहे. समजा हळदीकुंकवाला 40 जणी येणार आहेत आणि प्रत्येकीला 150 मिली सरबत द्यायचं आहे. 40 गुणिले 150 म्हणजे 6000 मिली, म्हणजे 6 लिटर सरबत. सिरप किती लागेल? 1 : 4 बघून मुलं 6 ला 4 ने भागतात आणि दीड लिटर सांगतात. हे उत्तर तपासायला सोपं आहे. 6 लिटरमधून दीड लिटर सिरप वजा केलं, तर पाणी साडेचार लिटर उरतं. साडेचार हे दीडच्या तिप्पट आहे, चौपट नाही. म्हणजे गुणोत्तर 1 : 3 झालं, आणि सिरपही जास्त संपलं.

बरोबर रीत अशी : 1 भाग सिरप आणि 4 भाग पाणी, मिळून 5 भाग. 6000 भागिले 5 म्हणजे एक भाग 1200 मिली. सिरप 1 लिटर 200 मिली, पाणी 4 लिटर 800 मिली. बेरीज 6 लिटर आणि पाणी सिरपाच्या चौपट, म्हणजे उत्तर जुळलं. सिरप पाण्याच्या एक चतुर्थांश असतं, पण सगळ्या सरबताच्या एक पंचमांश असतं. हा फरक मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आला की पाठ समजला.

दोन गोष्टी सांभाळा. सुरुवातीला घेतलेलं माप शेवटपर्यंत तेच ठेवा. सिरप मोठ्या चमच्याने आणि पाणी लहान चमच्याने मोजलं तर गुणोत्तर बिघडतं. तसंच वाटी आणि वजन एकमेकांत मिसळू नका. वाटीभर पोहे आणि वाटीभर तांदूळ तराजूत सारखे भरत नाहीत.

आणि सगळंच पटीत वाढत नाही, हेही मुलांना विचारून बघा. आंबोळीला तांदूळ 4 तास भिजवले, तर दुप्पट तांदूळ 8 तास भिजवायचे का? नाही, वेळ तेवढाच. जिन्नस आणि पाणी मात्र दुप्पट लागतं.

घरी करायला एक उदाहरण : आंबोळीला तांदूळ आणि उडीद डाळ 3 : 1 घ्यायची आहे. दोन्ही मिळून 8 वाट्या हव्यात, तर प्रत्येकी किती? भाग 4, एक भाग 2 वाट्या, म्हणून तांदूळ 6 वाट्या आणि डाळ 2 वाट्या. आधी मुलाला करू द्या, उत्तर नंतर दाखवा. मग त्याच्याच हाताने मोजून तांदूळ आणि डाळ भिजत घाला.