९० दिवसांचं पेमेंट ४५ वर आणायचंय? मग मेल असा लिहा



मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या बहुतेकांच्या आउटबॉक्समध्ये एक मेल सापडतोच. रात्री अकराला, बँकेचा बॅलन्स बघून, रागाच्या भरात लिहिलेला. आज आपण तसाच एक मेल घेऊ आणि तो नव्याने लिहू. मागणी तीच ठेवायची, एक दिवससुद्धा कमी करायचा नाही. फक्त तो मेल कंपनीच्या आत पुढे सरकेल असा करायचा.

उदाहरण म्हणून कोरुगेटेड बॉक्स बनवणारं एक छोटं युनिट धरू. एका मोठ्या फूड कंपनीला ते दर महिन्याला ४ लाखांचा माल देतं (जीएसटी सोडून). पीओवर पेमेंटची अट ९० दिवसांची आहे. क्राफ्ट पेपरवाला मात्र ३० दिवसांत पैसे मागतो. मालकाने पहिला मेल लिहिला तो असा:

*विषय: पेमेंटबाबत तातडीचे*

*सर, आमचे पेमेंट कायम उशिरा मिळते. ९० दिवस आम्हाला अजिबात परवडत नाहीत. तुमच्यासारखी मोठी कंपनी आमच्यासारख्या लहान लोकांच्या पैशावर धंदा करते हे बरोबर नाही. कायद्याने ४५ दिवसांत पेमेंट देणे बंधनकारक आहे. पुढील महिन्यापासून ४५ दिवसांत पेमेंट न आल्यास माल पाठवणे बंद करू व व्याजासह वसुलीची कारवाई करू. त्वरित कळवावे.*

यातला राग समजण्यासारखा आहे, आणि कायद्याचं वाक्य तर खरंच आहे. तरी हा मेल अडकणार.

मेल नक्की कुठे अडकतो?

हा मेल उघडणार पर्चेस मॅनेजर. पण पेमेंटची अट बदलणं त्याच्या हातात नसतं. ती अट कंपनीच्या सिस्टिममध्ये, व्हेंडर मास्टरमध्ये तुमच्या नावापुढे नोंदलेली असते आणि ती बदलायला फायनान्सची मंजुरी लागते. म्हणजे तुमचा मेल पर्चेसवाल्याने फायनान्सला फॉरवर्ड केला तरच काम होणार. आता सांगा, "तुम्ही आमच्या पैशावर धंदा करता" असं लिहिलेला मेल तो स्वतःच्या साहेबांना फॉरवर्ड करेल का? तो गप्प बसेल.

दुसरी गोष्ट. "पेमेंट उशिरा मिळते" असं म्हटलंय, पण पीओवर ९० दिवस आहेत. ९० व्या दिवशी पैसे आले असतील तर अकाउंट्सवाला एका ओळीत उत्तर देईल, "पेमेंट पीओप्रमाणेच झालंय." विषय संपला. थकलेलं बिल आणि पेमेंटची अट हे दोन वेगळे विषय आहेत. थकबाकी असेल तर तिच्यासाठी बिल नंबर आणि तारखांसह वेगळा मेल करा. अट बदलायच्या मेलमध्ये तो विषय आणू नका.

तिसरी गोष्ट, धमकी. तुमची निम्मी विक्री त्या एका कंपनीला असेल तर तुम्ही माल बंद करू शकत नाही, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

लिहायच्या आधी वही उघडा

शेवटची सहा बिलं घ्या. प्रत्येकापुढे चार तारखा लिहा: माल कधी पोचला, जीआरएन कधी झाली, बिल अकाउंट्समध्ये कधी नोंदलं गेलं आणि पैसे कधी आले. आपल्या युनिटमध्ये असं दिसलं की माल सोमवारी पोचतो, बिलाची हार्ड कॉपी मागाहून जाते आणि नोंद व्हायला आठेक दिवस लागतात. कंपनी ९० दिवस मोजते ते नोंदीपासून. म्हणजे प्रत्यक्षात पैसे ९८ व्या दिवसाच्या आसपास येतात. यातले आठ दिवस तर कुणाची मंजुरी न मागता, नुसती कागदपत्रं वेळेवर देऊन वाचतात.

आता पैशाचं गणित. महिन्याला ४ लाख आणि ९० दिवस, म्हणजे साधारण १२ लाख कायम अडकलेले. ४५ दिवस झाले तर ६ लाख अडकतील, ६ लाख मोकळे होतील. कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७२,००० रुपये वाचतात, महिन्याला ६,०००.

हा आकडा समोरच्याला सांगायचा नाही. तो तुमच्यासाठी आहे, कारण बदल्यात काय देता येईल याची मर्यादा तो ठरवतो. वर्षाची विक्री ४८ लाख, त्यातले ७२,००० म्हणजे दीड टक्का. घाईघाईत "२ टक्के डिस्काउंट देतो" म्हणालात तर ९६,००० गेले. पेमेंट लवकर आलं आणि धंदा २४,००० ने तोट्यात!

त्यामुळे डिस्काउंटच्या आधी दुसरं काही देता येतं का ते बघा. बॉक्स वेळेवर आले नाहीत तर फूड कंपनीची पॅकिंग लाइन थांबते. तिच्यासाठी खरी किंमत त्याची आहे. एका आठवड्याचा माल, म्हणजे साधारण १ लाखाचा, आपण आपल्या गोडाऊनमध्ये राखून ठेवू शकतो. १ लाख अडकतील, ६ लाख सुटतील. हा सौदा परवडतो. फक्त राखीव माल त्यांच्या नियमित साइझचाच ठेवा. त्यांचं नाव छापलेला बॉक्स दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून डिझाइन बदलायच्या आधी कळवण्याची अट घाला.

कायदा मेलमध्ये आणायचा, पण कसा?

एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि लेखी करार असला तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ असं व्याज लागतं. पहिल्या मेलमध्ये हेच काठीसारखं उगारलं होतं.

पण २०२३ च्या वित्त कायद्याने याला आयकराची बाजू जोडली. व्यापारात ती ४३बी(एच) या नावाने ओळखली जाते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. आपल्या उदाहरणात जानेवारी ते मार्चची बिलं ९० दिवसांनी दिली की त्यांचा खर्च जवळपास सगळा पुढच्या वर्षात ढकलला जातो. खर्च बुडत नाही, पुढे जातो; त्यामुळे याचा बाऊ करू नका. पण वर्ष संपताना ऑडिटर अशा बिलांची यादी मागतो, म्हणून फायनान्सवाल्याला हा मुद्दा लगेच कळतो.

एक लक्षात ठेवा. हा मुद्दा उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे. नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांना उद्यम नोंदणी असली तरी हे संरक्षण मिळत नाही. माझं स्वतःचं दुकान ट्रेडिंगमध्ये येतं, म्हणून मी हा परिच्छेद माझ्या मेलमध्ये घालत नाही. तुम्हीही आधी आपलं उद्यम सर्टिफिकेट बघा.

आता नवा मेल

*विषय: नवीन पीओसाठी ४५ दिवस पेमेंट अटीचा प्रस्ताव – कोरुगेटेड बॉक्स*

*नमस्कार मॅडम,*

*येत्या तिमाहीच्या ऑर्डरसंदर्भात एक प्रस्ताव पाठवत आहे. नवीन पीओपासून पेमेंटची अट माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस करावी, अशी विनंती आहे. आधीच्या पीओची बिले सध्याच्या अटीप्रमाणेच राहतील.*

*यासोबत आमच्याकडून दोन गोष्टी: (१) आपल्या नियमित साइझचा एक आठवड्याचा माल आमच्या गोडाऊनमध्ये कायम राखीव राहील, म्हणजे अचानक मागणी वाढली तरी आपली लाइन थांबणार नाही. डिझाइन बदलणार असल्यास ३० दिवस आधी कळवावे. (२) पीओ नंबरसह बिल आणि सही झालेले चलन माल पोचल्याच दिवशी अकाउंट्स विभागाला मेल करू.*

*फायनान्स विभागाच्या माहितीसाठी: आमचे युनिट उद्यमखाली सूक्ष्म उद्योग (उत्पादन) म्हणून नोंदलेले आहे. ४५ दिवसांत दिलेल्या बिलांचा खर्च आयकरासाठी त्याच वर्षी धरता येतो. जानेवारी ते मार्चच्या बिलांसाठी हे उपयोगी ठरेल. सर्टिफिकेट जोडले आहे.*

*हा मेल फायनान्स विभागाकडे पाठवता येईल का? त्यांना काही शंका असल्यास येत्या बुधवारी किंवा गुरुवारी १५ मिनिटे फोनवर बोलू.*

बघा, ४५ चा आकडा दुसऱ्याच वाक्यात आहे. सहकार्याचा मेल म्हणजे "जमल्यास बघा" असा मिळमिळीत मेल नव्हे. "परवडत नाही" हा शब्द कुठेच नाही, कारण तुमची अडचण फायनान्सला मंजुरीचं कारण देत नाही. शेवटचा प्रश्नही असा आहे की पर्चेस मॅनेजरला फक्त फॉरवर्ड करायचंय. मेल इंग्रजीत लिहिणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

उत्तर आल्यावर

"कंपनी पॉलिसी ९० दिवसांची आहे" असं आलं तर पायरी सुचवा: तीन महिने ६० दिवस, मग ४५. यामागे कारण आहे. अट एकदम बदलली तर जुनी ९० दिवसांची आणि नवी ४५ दिवसांची बिलं एकाच वेळी द्यायला येतात आणि कंपनीच्या हातून जादा ६ लाख जातात. पायरीने तो भार विभागला जातो. ४५ कधीपासून, ती तारीख मात्र लेखी घ्या.

तेही नाही म्हणाले तर ट्रेड्सबद्दल विचारा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे प्लॅटफॉर्म आहेत. कंपनीने तिथे तुमचं बिल मान्य केलं की बँक तुम्हाला डिस्काउंट कापून आधी पैसे देते आणि कंपनी नंतर बँकेला देते. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. बँक किती कापते ते आपल्या १२ टक्क्यांशी ताडून बघा.

आणि "हो, करून टाकू" असं फोनवर म्हणाले तर लगेच पेढे वाटू नका. पुढच्या पीओवर पेमेंटच्या ओळीत ४५ छापलंय का ते बघा. ९० च असेल तर व्हेंडर मास्टर बदललेला नाही आणि सिस्टिम ९० व्या दिवशीच पैसे सोडणार. त्याच दिवशी दुरुस्त पीओ मागा, माल निघण्याआधी.